फोनला दोष देण्याआधी मीटर लाव

काय रे, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या वर्गात पूर्ण दोन वर्षं माझ्यासमोर बसलास. रेडिओ असो, टीव्ही असो, पंख्याचा रेग्युलेटर असो, टेबलावर बिघडलेली वस्तू आली की सगळ्यात आधी काय बघायचं, हे तुमच्याकडून मी रोज वदवून घेत होतो. आधी सप्लाय बघायचा. बाकी सगळं त्यानंतर. आज तू धुळ्यात गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवून देतोस, दुकान चांगलं चालतं, याचा मला आनंदच होता. पण परवा तुझं एक गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन बसलं आणि त्याची हकिकत ऐकून माझं डोकं फिरलं. आता कान उघडे ठेवून ऐक.

माणूस रावेरकडचा. केळीच्या गाड्या भरून देण्याचा धंदा. दिवसभर फोन चालू, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जळगाव ते धुळे फेरी ठरलेली. त्यानं जुनी गाडी घेतली, तुझ्याकडून सात इंची स्क्रीनचा स्टिरिओ बसवून घेतला, तो केवळ हात स्टिअरिंगवर ठेवून बोलता यावं म्हणून. आठवड्यातच तो तुझ्याकडे परत आला. म्हणाला, फोन सारखा कट होतो. तू काय केलंस? स्टिरिओ बाहेर काढला नाहीस, कपलरला हात लावला नाहीस, मीटर तर दुकानात कुठे ठेवलाय तेही तुला आठवलं नसेल. तू तुझा स्वतःचा फोन जोडून दाखवलास, तो लगेच लागला, आणि तू निकाल दिलास, ‘तुमचा फोन खराब आहे, नवीन घ्या.’

त्यानं घेतला. मेहनतीच्या पैशाचा नवा फोन घेतला. तो तुझ्या दुकानासमोर पहिल्या झटक्यात जोडला गेला, तुला वाटलं तुझंच खरं ठरलं. गिऱ्हाईक एरंडोलला चहाला थांबलं, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली आणि फोन लागेना. माझ्याकडे आला तेव्हा बिचारा एवढंच म्हणाला, ‘सर, गाना वाजस, पन फोन उना का कट व्हई जास.’ या एका वाक्यात अर्धं उत्तर होतं. तू त्याला एक प्रश्न जरी विचारला असतास तरी ते तुझ्या हातात आलं असतं.

गिऱ्हाईक ‘कट होतो’ म्हणतं तेव्हा त्याचे चार वेगवेगळे अर्थ असू शकतात. स्क्रीनच क्षणभर काळी होते का? स्क्रीन चालू राहते, पण ब्लूटूथ तुटल्याची पाटी येते का? ब्लूटूथ जोडलेलं दिसतं, गाणं वाजतं, पण बोलण्याचा आवाज गाडीतून येत नाही का? की सगळं जागेवर असून समोरच्याचा कॉलच जातो? शेवटचं असेल तर तो मोबाइलच्या रेंजचा प्रश्न आहे. स्टिरिओवर फोन जोडलेला दिसतो आणि कॉल तेवढा संपतो, तेव्हा दोष टॉवरचा, तुझ्या स्टिरिओचा नाही. उरलेल्या तिन्हींची कारणं वेगळी, दुरुस्ती वेगळी. हे न विचारता तू निदान केलंस. डॉक्टरनं नाडी न बघता गोळी लिहून दिली तर तू भांडशील ना?

मी त्याच्या शेजारी बसून पारोळ्यापर्यंत गेलो. फोन माझ्या हातात, डोळे स्टिरिओच्या स्क्रीनवर. पाळधी सोडल्यावर रस्त्यात एक खड्डा लागला आणि स्क्रीन काळी झाली. दोन क्षणांत कंपनीचं चिन्ह आलं, मग रेडिओ आला, आणि घड्याळात बारा वाजले होते. सकाळचे सव्वादहा असताना बारा! हे बघायला तुला कुठलं यंत्र लागत होतं? घड्याळ बारावर जातं याचा अर्थ स्टिरिओची वीज पूर्ण गेली आणि परत आली. अशा वेळी ब्लूटूथ तुटणारच. ज्या खोक्यात ब्लूटूथ आहे तेच खोकं मेलं होतं. याचा फोनशी काय संबंध?

घरी आणून पॅनल उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, हे मुद्दाम सांगतो, कारण तुझ्या दुकानात ते होत नसावं. आत काय दिसलं ते ऐक. स्टिरिओची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून, वर काळी टेप गुंडाळून, दोन्ही किल्लीच्या लाइनवर जोडलेल्या. आणि काळी वायर डॅशबोर्डच्या पट्टीवरच्या एका स्क्रूखाली नुसती अडकवलेली. त्या पट्टीवर रंग होता आणि स्क्रू प्लॅस्टिकात होता. त्याला अर्थ म्हणायचं?

पिवळी वायर परमनंट बाराची, हे मी तुला शिकवलं होतं. किल्ली काढली तरी तिच्यात बॅटरीचा करंट राहिला पाहिजे. त्या वायरीवर स्टिरिओचं घड्याळ, रेडिओची स्टेशनं, आवाजाची मांडणी आणि या युनिटमध्ये तर जोडलेल्या फोनची नोंदही टिकते. लाल वायर किल्लीची. ती स्टिरिओला फक्त सांगते की आता जागा हो, आता झोप. तू दोन्ही लालच्या ठिकाणी जोडल्यास. म्हणजे प्रत्येक वेळी किल्ली काढली की स्टिरिओ झोपत नव्हता, सगळं विसरत होता. पिवळीची लाइन शोधायला दहा मिनिटं जास्त लागतात, ती तू वाचवलीस. गिऱ्हाइकाला ती दहा मिनिटं एका नव्या फोनला पडली.

आता पुढचं नीट समजून घे, कारण इथेच तू फसलास. फोन आणि स्टिरिओ पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडे सहा आकडे दिसतात, ते जुळले की होकार द्यायचा. त्या वेळी दोघांमध्ये एक गुप्त कळ तयार होते आणि ती दोन्हीकडे जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी आकडे विचारले जात नाहीत, दोघं ती कळ ताडून बघतात आणि आपोआप जुळतात. तुझ्या जोडणीमुळे स्टिरिओ किल्ली काढताच ती कळ विसरत होता, फोन मात्र विसरत नव्हता. फोन जुनी कळ घेऊन जातो, स्टिरिओ म्हणतो मी तुला ओळखत नाही, आणि फोनवर ‘जोडता आलं नाही’ एवढं येतं. त्या माणसानं पन्नासदा त्याच नावावर बोट दाबलं असेल. एका बाजूची नोंद पुसलेली असताना दुसऱ्या बाजूनं कितीही दाबलं तरी उपयोग नसतो.

आणि म्हणूनच तुझा फोन तिथे लगेच लागला. तो नवखा होता, कळ नव्यानं तयार झाली. त्याचा नवा फोनही त्याच कारणानं लागला. दोन्ही वेळा गाडी चालूच होती. तू एकदाही किल्ली काढून परत लावून बघितली नाहीस. तुझी तपासणी अशी होती की तिच्यात दोष कधी दिसणारच नव्हता, आणि त्यावरून तू फोनवर ठपका ठेवलास. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. हा गिऱ्हाइकाच्या खिशावर मारलेला हात आहे, मग तुझ्या मनात तसं असो वा नसो.

मीटर कसा लावायचा तेही परत सांगतो. डीसी २० व्होल्टवर ठेव. काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लांब वायर लावून. लाल टोक स्टिरिओच्या पिवळ्या वायरीवर. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास दिसलं पाहिजे, इंजिन चालू झालं की साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. आता किल्ली काढ. आकडा शून्यावर गेला, तर ती वायर परमनंट नाही, विषय संपला. नंतर किल्ली परत लाव, स्टिरिओ चालू कर, लाल टोक स्टिरिओच्या काळ्या वायरीवर आण, आवाज मोठा कर आणि बघ. अर्थ चांगला असेल तर व्होल्टचा दहावा भाग, फार तर दोन दहांश. त्या गाडीत एक व्होल्टच्या वर येत होतं, आणि डॅशबोर्डवर थाप मारली की आकडा उड्या मारत होता. पाळधीच्या खड्ड्यात जे झालं ते हेच. हा आकडा बघितलास की फोनकडे बघायची गरजच राहत नाही.

दुरुस्ती मी केली, आणि तूही अशीच करायची. गाडीच्या बॉडीचा खरा लोखंडी भाग शोधला, तेवढ्या जागेचा रंग पातीनं खरवडला, काळ्या वायरीला गोल लग दाबून बसवला, बोल्ट कसला. पिवळी वायर परमनंट लाइनवर नेली, आणि स्टिरिओवर जेवढ्याचा फ्यूज लिहिलाय तेवढ्याचाच स्वतंत्र फ्यूज मध्ये टाकला. जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक चढवली. टेप उन्हाळ्यात सुटते, तिचा गोंद वितळून वायरीवरून सरकतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन तुला मी सांगायला नको. आणखी एक, परमनंट शोधताना स्टिअरिंगखाली पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्यांना टेस्टर लावायचा नाही, मीटरही लावायचा नाही. त्या बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या असतात. तिथे चूक झाली तर माणसाच्या तोंडावर फुटते.

मग जोडणी नव्यानं केली. आधी फोनमध्ये स्टिरिओचं नाव विसरायला लावलं, मग स्टिरिओच्या यादीतून सगळे फोन काढले. दोन्हीकडून, हे लक्षात ठेव. तुझ्या दुकानातली पोरं एका बाजूनं पुसतात आणि गिऱ्हाइकाला घरी पाठवतात. दोन्ही यंत्रं एकदा बंद करून चालू केली, आसपासच्या इतर फोनचं ब्लूटूथ बंद ठेवलं, उभ्या गाडीत आकडे जुळवले, संपर्क आणि कॉलची यादी द्यायची परवानगी दिली. नंतर गाडी बंद केली, दार लावून पाच मिनिटं बाहेर उभे राहिलो, परत चालू केली. फोन खिशातून न काढता तो आपोआप लागला का, ते बघितलं. लागला. पुन्हा तेच केलं. लागला. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी दुकानातून सोडायची नाही. हा माझा हुकूम समज.

इतकं होऊनही त्याची अर्धी तक्रार उरलीच होती. गाणं वाजतं, पण फोन आला की गाडीतला आवाज जातो. पाटी कुठलीच येत नाही, ब्लूटूथ जोडलेलंच दिसतं. मी त्याच्या डाव्या मनगटाकडे बघितलं. कॉलिंगवालं घड्याळ! फोन आला की बोलण्याचा आवाज घड्याळात जात होता, आणि गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

हे का होतं ते तुला माहीत असायला हवं. ब्लूटूथवर गाणं आणि बोलणं एका वाटेनं जात नाही. गाण्यासाठी ए-टू-डीपी नावाची एक पद्धत आहे, ती फक्त फोनकडून स्टिरिओकडे जाते, आवाज चांगला. बोलण्यासाठी हँड्स-फ्री ही दुसरी पद्धत, तिच्यात आवाज दोन्हीकडे जातो, माइक चालतो, आणि दर्जा कमी असतो. म्हणून कॉलचा आवाज गाण्यापेक्षा पातळ वाटतो, तो बिघाड नाही. फोन गाणं एकाला आणि बोलणं दुसऱ्याला देऊ शकतो. कानातले बड्स, घड्याळ, गाडी, सगळेच बोलण्याचा हक्क मागतात. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत प्रत्येक नावाशेजारच्या चाकावर दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी वेगवेगळी बटणं असतात, नावं फोनगणिक थोडी बदलतात. गाडीच्या नावासमोर दोन्ही चालू पाहिजेत. घड्याळासमोरचं ‘फोन कॉल’ मी बंद केलं, घड्याळाला नुसत्या सूचना येऊ दिल्या. जमिनीवर पाय ठेवल्यावर त्याला मनगटावर बोलायचं असेल तर तो परत चालू करील. नाहीतर कॉल चालू असताना फोनच्या पडद्यावर आवाजाचं चिन्ह दाबून गाडी निवडता येते, पण ते चालत्या गाडीत करायचं नाही.

एवढ्या दोन गोष्टी. एक वायरीची, एक मनगटाची. फोन पहिलाही चांगला होता आणि दुसराही.

आता तू म्हणशील, सर, सगळ्याच गाड्यांत असं नसतं. नसतं, मान्य. स्क्रीन चालू, घड्याळ बरोबर, आणि तरी ब्लूटूथ तुटल्याची पाटी येते, अशाही गाड्या येतात. तिथे चार्जर आधी काढून बघ. सिगरेटच्या खाचेत बसणारे स्वस्त चार्जर आणि डॅशकॅमचे अडॅप्टर इतका कचरा सोडतात की २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं ब्लूटूथ गुदमरतं. ब्लूटूथ त्याच पट्ट्यातल्या ७९ वाटांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत अडथळा चुकवतं, पण सगळ्याच वाटा गढूळ झाल्या तर उडी मारून जाणार कुठे? चार्जर काढल्यावर तुटणं थांबलं तर चार्जर बदल. गाडीत दोन फोन जोडलेले असतील, नवरा-बायको दोघांचे, तर एकाचं ब्लूटूथ बंद करून तीच फेरी मारायला सांग. काही स्टिरिओ कॉलसाठी एकाच वेळी एकच फोन धरतात आणि दुसरा आला की पहिल्याला सोडतात. फोनच्या बॅटरी-बचतीची सेटिंगही बघ, विशेषतः मागे चालणारी अ‍ॅप्स आपणहून बंद करणाऱ्या फोनमध्ये. आणि फोन काचेला चिकटवून ठेवल्यानं तापत असेल, तर तो खाली घ्यायला सांग. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराची हवेची मर्यादा ३५ अंश सांगतं. आपल्याकडे मेमध्ये सावलीत ४५ होतात, काचेमागे काय होत असेल याचा अंदाज कर. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग पडदा मंद करतो, मग हळूहळू सगळंच सोडतो. पण हे सगळं पिवळी, लाल, काळी तपासून झाल्यावर. त्याआधी यातल्या एकाचंही नाव तोंडातून निघता कामा नये.

मला राग त्या नव्या फोनच्या पैशाचाच फक्त नाही. त्या रस्त्याचा आहे. पारोळ्याकडून धुळ्याकडे जाताना माणूस ऐंशीच्या वेगात असतो, पुढे ट्रक, मागे ट्रक. तेवढ्यात स्टिरिओ मेला, कॉल फोनवर गेला. फोनवर केळीच्या गाडीचा ड्रायव्हर, दराचा सौदा अडलेला. तो माणूस काय करील? तो खिशातून फोन काढील, कानाला लावील. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. फोन काढून नाव बघायला तीन सेकंद धर. सहासष्ट मीटर गाडी कुणीही न बघता गेली. आणि कायद्याचं बोलायचं तर २०१९च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात घातलं. पहिल्याच गुन्ह्याला कायद्यात एक हजार ते पाच हजारांपर्यंत दंड आणि सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुझ्या पिळलेल्या वायरीमुळे गिऱ्हाईक त्या कलमाखाली उभं राहतं, तू नाही. तू काउंटरमागे बसलेला असतोस.

तू हुशार होतास म्हणून इतकं बोललो. ज्यांच्याकडून काही होणार नव्हतं त्यांना मी कधी बोललो नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण तुझ्या हाताखाली आज चार पोरं शिकतात. तू वायर पिळून टेप मारलीस तर ती पोरंही तेच करतील, आणि खानदेशातल्या निम्म्या गाड्यांत खड्डा लागला की घड्याळात बारा वाजतील.

तेव्हा उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम कर. त्या गिऱ्हाइकाला फोन लाव, त्याची मजुरी परत दे, आणि नव्या फोनचं काय करायचं ते त्याच्यासमोर मान खाली घालून विचार. मग गेल्या वर्षभरात ज्या ज्या गाड्यांत तू स्वतः स्टिरिओ बसवलास त्यांची यादी काढ आणि एकेकाला बोलावून पिवळी वायर तपास. मीटर नसेल तर माझा घेऊन जा, पण परत आणून दे.